पिंपल, डाग आणि कोरडेपणा एकाच चेहऱ्यावर: आधी कशाला हात घालायचा?

कोल्हापुरातल्या राजारामपुरीत आमचं मेडिकल आहे आणि काउंटरवर मी असते. चेहऱ्याची एक तक्रार माझ्याकडे वर्षभर येत राहते. पिंपलचं औषध आठ-दहा दिवस लावलं की चेहरा सोलवटतो. मग औषध बंद होतं आणि दाट क्रीम सुरू होते. चेहरा मऊ होतो, पण पिंपल परत येतात आणि जाताना काळे डाग ठेवून जातात. त्या डागांसाठी सीरम आणलं की त्याने पुन्हा सोलवटतं. सहा-आठ महिने असं गेलं की बाई वैतागून म्हणते, "ताई, माझ्या चेहऱ्याला काहीच चालत नाही."

बहुतेक वेळा चालतं. तीन वेगळ्या तक्रारींची औषधं एकाच आठवड्यात सुरू झालेली असतात आणि ती एकमेकांच्या आड येतात. त्यामुळे कुठलं औषध आणायचं यापेक्षा कुठली तक्रार आधी घ्यायची, हे ठरवणं जास्त गरजेचं असतं.

मी क्रम असा ठरवते: जी तक्रार बाकीच्या दोन्हींचे उपचार अडवून धरते, ती आधी. आरशात सगळ्यात जास्त खुपणारी तक्रार पहिली घ्यावी असं कुणालाही वाटतं, आणि जवळजवळ प्रत्येकीला खुपतात ते डाग. पण डाग इतर कशालाच अडवत नाहीत. अडवतो तो कोरडेपणा, विशेषतः झोंबणारा कोरडेपणा.

कारण साधं आहे. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड यांचा स्निग्ध गिलावा असतो. हा गिलावा निघाला की आतलं पाणी उडून जातं आणि वरून लावलेलं औषध नको तेवढं आत शिरतं. मग एरवी सोसणारं औषधही जळजळ करतं. आपल्यासारख्या सावळ्या, गव्हाळ त्वचेत जळजळ झाली, लाली आली, सोलवटलं, की तिथे रंगद्रव्य जास्त तयार होतं. म्हणजे डाग घालवायला लावलेल्या अ‍ॅसिडने चेहरा भाजला, तर त्यातूनच नवे डाग पडतात. कोरडेपणाला मी पहिला नंबर देते तो यासाठी.

दुसरा नंबर पिंपलचा. एक पिंपल बसायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि त्याचा डाग जायला कित्येक महिने. आठवड्याला पाच नवे पिंपल येत असतील तर डागांचं कुठलंही सीरम पुरं पडत नाही. छप्पर गळत असताना खालची जमीन सारवून उपयोग नाही, आधी छप्पर शाकारावं लागतं.

डाग तिसरे. पण डागांच्या कामाचा एक भाग पहिल्याच दिवशी सुरू करायचा, तो म्हणजे सनस्क्रीन. ते कोरडेपणात चालतं, पिंपलमध्ये चालतं, आणि त्याच्यावाचून बाकीची मेहनत वाया जाते. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

आपण कुठल्या पायरीवर आहोत?

रात्री साध्या, फेस फारसा न होणाऱ्या क्लीन्झरने तोंड धुवा, टिपून घ्या आणि अर्धा तास काहीही न लावता बसा. मग मोठ्याने हसून बघा. ओठांच्या कडेची आणि गालाची कातडी ताणल्यासारखी वाटते का, याकडे लक्ष द्या. त्यानंतर वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर लावा. ते लावल्यावर मिनिटभर चुरचुरत राहिलं तर गिलावा निघालाय. अशा वेळी पिंपल आणि डाग दोन्हींची औषधं थांबवायची. नुसतं ताणल्यासारखं वाटलं आणि झोंबलं नाही, तर त्वचा फक्त कोरडी आहे. तेव्हा सगळं बंद करायची गरज नसते, औषधाच्या रात्री कमी करून मॉइश्चरायझर वाढवलं की भागतं. दोन्हीतलं काहीच नसेल तर थेट पिंपलपासून सुरुवात करा.

इथे एक गोंधळ हमखास होतो. दुपारपर्यंत कपाळ तेलकट होतं म्हणून "माझी स्किन ऑइली आहे" असं समजून मॉइश्चरायझर टाळलं जातं, आणि त्याच वेळी नाकाच्या बाजूला, हनुवटीवर पापुद्रे सुटत असतात. तेल आणि ओलावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेलग्रंथी आपलं तेल सोडत राहतात आणि वरच्या थरातलं पाणी उडत राहतं. चेहरा एकाच वेळी तेलकट आणि कोरडा असू शकतो, आणि पिंपलची औषधं वापरणाऱ्यांचा तर बऱ्याचदा असतोच.

पापुद्रे कसे आहेत तेही बोटावर घेऊन बघा. पांढरे, कोरडे, भुश्शासारखे असतील आणि औषध लावतो त्याच जागी असतील तर ते औषधाचे. पिवळसर, चिकट असतील, भुवयांत, नाकाच्या खाचेत, कानामागे असतील, खाज असेल आणि डोक्यात कोंडाही असेल, तर ते कोंड्याचंच दुखणं चेहऱ्यावर उतरलेलं असू शकतं. त्याला बुरशीविरोधी औषध लागतं. तिथे मॉइश्चरायझर बदलत बसण्यात महिने जातात, डॉक्टरांना दाखवलेलं बरं.

भाचीचं उदाहरण

माझ्या बहिणीची मुलगी चोवीस वर्षांची आहे. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका ऑफिसात नोकरी करते, रोज गाडीवरून जाते-येते. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये ती आमच्याकडे आली. बोलता बोलता सारखी गालाला हात लावत होती. मी विचारलं तर म्हणाली, "मावशी, नुसतं पाणी लागलं तरी झोंबायलंय. मी तर सगळं वेळेवर लावतोय की."

मी तिला सगळ्या बाटल्या घेऊन यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने पिशवी टेबलावर रिकामी केली आणि आम्ही एकेक बाटली उलटी करून मागचं बारीक छापील वाचायला बसलो. फेसवॉशमध्ये सॅलिसिलिक अ‍ॅसिड, आणि तो दिवसातून तीनदा. टोनरमध्ये ग्लायकोलिक अ‍ॅसिड. सकाळी व्हिटॅमिन सी, त्यावर दहा टक्के नायसिनामाइड. रात्री डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेलं अ‍ॅडापालीन जेल. रविवारी डाळीचं पीठ, हळद आणि लिंबाचा लेप. मॉइश्चरायझर नव्हतं, कारण तेलकट वाटतं. सनस्क्रीन होतं, पण पांढरं दिसतं म्हणून बाटली जवळजवळ भरलेलीच. डिसेंबरच्या थंडीत तोंड धुवायला बंबाचं कडकडीत पाणी, ते वेगळंच.

तिला वाटत होतं की आपण पिंपलला एक औषध लावतो आणि डागांना दोन. त्वचा सोलणाऱ्या गोष्टी मोजल्या तर लिंबासकट चार निघाल्या. डॉक्टरांनी त्यातली एकच दिली होती. बाकीच्या तिने एकेक करून वाढवल्या होत्या, आणि जेल सुरू असताना हे सगळं चालू आहे, हे डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांना भेटलो, त्यांनीही आधी सगळं थांबवायलाच सांगितलं.

पहिले तीन आठवडे काही करायचं नाही हेच काम होतं, आणि तेच तिला सगळ्यात जड गेलं. सकाळी फक्त कोमट पाणी, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. रात्री साधा क्लीन्झर, आणि चेहरा थोडा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. वाळल्यावर लावलं तर तेवढा फायदा होत नाही, म्हणून डबी मी तिला बेसिनच्या फळीवरच ठेवायला लावली. मॉइश्चरायझर निवडताना ग्लिसरीन आणि सिरॅमाइड असलेलं, बिनवासाचं आणि छिद्रं न तुंबवणारं असं बाटलीवर लिहिलेलं घेतलं. नाकाच्या खाचा आणि ओठांच्या कडा जास्तच फुटल्या होत्या, तिथे रात्री पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. बहिणीचं म्हणणं होतं की खोबरेल लाव, आमच्या आईने तेच लावलं. हातापायाला जरूर लावावं, पण पिंपल येणाऱ्या चेहऱ्याला खोबरेल मी देत नाही, त्याने छिद्रं तुंबतात.

पाचव्या दिवशी रात्री तिचा फोन आला. तीन नवे पिंपल आले होते आणि तिला जेल परत सुरू करायचं होतं. दहातल्या आठ जणी इथेच मागे फिरतात, म्हणून हा दिवस येणार हे आधीच धरून चालावं. त्या तीन पिंपलवर आम्ही पिंपल पॅच लावले. पॅच पिकलेल्या पिंपलचा द्राव शोषून घेतात आणि मुख्य म्हणजे बोटं लागू देत नाहीत. बाकी चेहऱ्याला हात लावला नाही. बाराव्या दिवशी पाणी झोंबायचं थांबलं. तरी मी लगेच होकार दिला नाही. सलग चार रात्री मॉइश्चरायझर लावून अजिबात चुरचुरलं नाही तेव्हाच पुढची पायरी. ती एकविसाव्या दिवशी आली.

आता एक मोठा अपवाद सांगायलाच हवा. पिंपल खोल, कडक, हात लावला तर ठणकणारे असतील किंवा खड्डे पडायला लागले असतील, तर तीन आठवडे थांबू नका. डाग आज ना उद्या फिके होतात, खड्डा तसाच राहतो. तिथे पोटात घ्यायची औषधं लागू शकतात, ती त्वचारोगतज्ज्ञच देतात, आणि कोरडेपणा सांभाळणं त्यासोबतच चालतं. भाचीचे पिंपल बारीक ते मध्यम होते, म्हणून थांबणं परवडलं.

दुसरी पायरी: पिंपल

जेल तेच, ०.१ टक्क्याचं, फक्त लावायची पद्धत बदलली. आठवड्यातून दोनच रात्री, सोमवारी आणि गुरुवारी. तोंड धुऊन पूर्ण वाळू द्यायचं, कारण ओल्या कातडीवर हे जेल जास्त झोंबतं. मग मॉइश्चरायझरचा पातळ थर, त्यावर जेल, आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा मॉइश्चरायझर. अख्ख्या चेहऱ्याला मटाराच्या एका दाण्याएवढंच जेल. कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके द्यायचे आणि पसरायचे. डोळे, ओठांच्या कडा आणि नाकाच्या खाचा सोडून द्यायच्या. ती आधी हे जेल फक्त पिंपलवर जाडसर थापायची. या औषधाचं काम आलेला पिंपल सुकवणं कमी आणि छिद्र तुंबू न देणं जास्त असतं, त्यामुळे ते आलेल्या जागी आणि न आलेल्या जागीही सारखंच लागलं पाहिजे.

दोन आठवडे नीट गेले तेव्हा एक दिवसाआड केलं. पाचव्या आठवड्यात बारीक पिंपल वाढले. ही सुरुवातीची वाढ बऱ्याच जणींना होते. ती ओळखायची खूण म्हणजे पिंपल नेहमीच्याच जागी येतात, बारीक असतात आणि लवकर बसतात. नवीन जागी आले, सगळे एकाच आकाराचे आणि खाजरे असले, तर काहीतरी वेगळं आहे, औषध थांबवून दाखवावं. कपाळावर असे एकसारखे खाजणारे दाणे कधीकधी बुरशीचे असतात आणि पिंपलच्या औषधाने जात नाहीत.

तिच्या जबड्याच्या रेषेवर मात्र पिंपल हलेनात. एके दिवशी ती ऑफिसातून परस्पर दुकानात आली आणि गाडीवर बांधायचा स्कार्फ काउंटरवर ठेवला. मी उचलून बघितला. जिथे हनुवटीखाली गाठ बसते तिथे कापड कडक झालं होतं, घामाचा आणि केसांच्या तेलाचा वास येत होता. आठवड्यातून एकदा धुतला जायचा. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्या निम्म्या मुली तोंडाला स्कार्फ बांधतात. उन्हापासून आणि धुळीपासून तो राखतोही, म्हणून सोडा असं मी म्हणणार नाही. पण तेच ओशट कापड रोज अर्धा-पाऊण तास जबड्यावर घासत राहिलं, तर तिथलं छिद्र मोकळं कसं राहील? तिने सुती, पातळ असे पाच स्कार्फ घेतले, रोज एक आणि रोज धुवायचा. गाठ मागे मानेवर घ्यायला लागली. हेल्मेटचा पट्टाही ओल्या फडक्याने पुसायचा. केसांना तेल रविवारी लावून त्याच दिवशी धुवायचं, रात्रभर उशीवर नाही. पुढच्या महिनाभरात जबड्यावरचे पिंपल गालांपेक्षा लवकर कमी झाले. पिंपल एकाच पट्ट्यात अडून बसले असतील तर औषध वाढवण्याआधी तिथे रोज काय घासतं, काय लागतं ते शोधा.

आठव्या आठवड्यात घरात लग्न आलं. डाग लवकर जावेत म्हणून तिने मला न सांगता सलग चार रात्री जेल लावलं आणि टोनरही पुन्हा लावायला काढला. पाचव्या दिवशी हनुवटी लाल होऊन पापुद्रे सुटले. अशा वेळी दोन चुका होतात, एक तर तसंच रेटायचं किंवा सगळंच सोडून द्यायचं. आम्ही एक पायरी खाली आलो. पाच रात्री फक्त मॉइश्चरायझर, झोंबणं थांबल्यावर पुन्हा आठवड्यातून दोनदा जेल, आणि दोन आठवड्यांनी दिवसाआड. टोनरची बाटली ती माझ्याकडे ठेवून गेली.

औषध लागू पडतंय का हे आरशावरून कळत नाही, कारण आरशात आपल्याला डागच दिसतात. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज नव्या पिंपलचे ठिपके काढायला लावले. जुने मोजायचे नाहीत, फक्त नवीन. जानेवारीत आठवड्याला सहा-सात ठिपके होते, मार्चअखेर एक-दोन. चेहरा मात्र तिला तसाच वाटत होता. कॅलेंडर नसतं तर तिने "फरक नाही" म्हणून जेल सोडलं असतं. या औषधाला बारा आठवडे द्यावे लागतात आणि त्यात मधले बंद ठेवलेले दिवस धरायचे नाहीत. बारा आठवडे नीट लावूनही ठिपके कमी झाले नाहीत, तर डॉक्टर औषध बदलतील किंवा त्याच्या जोडीला दुसरं देतील.

गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर हे जेल लावायचं नाही. काउंटरवर हे विचारायला लोक संकोचतात, म्हणून मी आपणहून विचारते. पाळी अनियमित असेल आणि हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पिंपलचं मूळ हार्मोनमध्ये असू शकतं. तेव्हा नुसतं वरून लावून पुरत नाही.

डाग, आणि पहिल्या दिवसापासूनचं सनस्क्रीन

आधी डाग कसला आहे ते बघा. पारदर्शक काचेचा ग्लास डागावर हलकेच दाबा. लालसर डाग दाबल्यावर फिका पडला तर तो रक्तवाहिन्यांचा आहे, रंगद्रव्याचा नाही, आणि त्यावर डागांची सीरम फारशी चालत नाहीत. तो वेळेनेच जातो. तपकिरी डाग दाबूनही तसाच राहिला तर तो रंगद्रव्याचा. फिका तपकिरी म्हणजे रंग वरच्या थरात आहे, काही महिन्यांत जाईल. राखाडी, निळसर छटा असेल तर रंग खोल उतरलाय, त्याला बराच जास्त काळ लागतो. आणि दोन्ही गालांवर सारखाच पसरलेला, कडा नकाशासारख्या असलेला तपकिरी पट्टा हा पिंपलचा डाग नसतो, तो वांग. त्याचा उपचार वेगळा, तो या क्रमात बसवू नका.

मार्चअखेर ठिपके सलग तीन आठवडे दोनच्या आत राहिले तेव्हाच डागांचं औषध आलं. दहा टक्के अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड, सकाळी, सनस्क्रीनच्या आधी, पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. ते निवडलं कारण ते डागांवरही काम करतं आणि पिंपलवरही, त्यामुळे दोन बाटल्यांचं काम एका बाटलीत होतं. सुरुवातीला त्याने मुंग्या आल्यासारखी खाज सुटते. ती काही मिनिटांत थांबत असेल तर चालू ठेवायचं, तासभर राहिली तर परत पहिल्या पायरीवर. ज्यांना जेल अजिबात सोसत नाही किंवा गरोदरपणात घेता येत नाही, त्यांना डॉक्टर बऱ्याचदा यावरच ठेवतात. एका महिन्यात एकच नवी वस्तू आणायची हा आमचा नियम होता. दोन सोबत आणल्या आणि चेहरा बिघडला, तर दोष कुणाचा ते कळत नाही.

सनस्क्रीनचं तिचं भांडण पांढरेपणाशी होतं, ते सोडवणं भाग होतं. सावळ्या त्वचेला उन्हातली नुसती अतिनील किरणंच नाही, तर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही डाग गडद करतो, आणि बिनरंगाची सनस्क्रीन तो फारसा अडवत नाहीत. आयर्न ऑक्साइड घातलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन तोही अडवतं. शिवाय पांढरं दिसत नाही. एसपीएफ तीस किंवा त्याहून जास्त, आणि लावायचं ते तर्जनी आणि मधलं बोट यांवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढून येईल तेवढं. वाटाण्याएवढ्यात भागवलं तर बाटलीवर लिहिलेलं संरक्षण मिळत नाही. ती सकाळी साडेआठला निघते, म्हणून घरून एकदा आणि दुपारी जेवणानंतर बाहेर पडायचं असेल तर पुन्हा. डब्याच्या पिशवीतच ट्यूब ठेवली की विसरत नाही.

डागांचे फोटो महिन्यातून एकदाच, एकाच खिडकीपाशी, सकाळी त्याच वेळी. रोज फोटो काढून काही कळत नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या फोटोंत गालांवरचे डाग ओळखू न येण्याइतके फिके झाले.

मध्ये दोनदा चेहरा पुन्हा बिघडला, दोन्ही वेळा ऋतूमुळे. एप्रिलच्या उकाड्यात तिने मॉइश्चरायझर बंद केलं आणि आठ दिवसांत जेल झोंबायला लागलं. जूनमध्ये पाऊस लागल्यावर हिवाळ्यातली दाट क्रीम चालूच ठेवली होती, कपाळावर बारीक पांढरे दाणे आले. आता मार्च ते सप्टेंबर जेलसारखं हलकं मॉइश्चरायझर आणि दिवाळीनंतर दाट, एवढाच फरक ती करते. औषधं तीच राहतात.

एक प्रकार मात्र या क्रमाने कधीच सुटत नाही. कुणीतरी सांगितलेली गोरेपणाची क्रीम महिनोन्‌महिने लावलेली असते. सुरुवातीला चेहरा आठवड्यात उजळतो, पिंपल जातात, सगळ्यांना ती हवीशी वाटते. मग बंद केली की चेहरा लालबुंद होतो, आग होते, एकसारखे दाणे उठतात, गालांवर बारीक शिरा दिसायला लागतात. ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल यातलं नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. २०१८ पासून अशी मलमं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, तरी ती घरोघरी सापडतात. त्या आगीला नुसता कोरडेपणा समजून मॉइश्चरायझरवर भागवू नका, आणि एकदम बंदही करू नका. ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, किती दिवस लावली ते खरं सांगा. मेडिकलमधून अशी ट्यूब "सगळ्यावर चालते" म्हणून कुणी हातात दिली तर घेऊ नका, हे मी मेडिकलवाली असूनच सांगते.

भाचीच्या जबड्यावर आजही दोन राखाडी डाग आहेत, स्कार्फच्या गाठीच्या काळातले. डॉक्टरांनी सांगितलंय की ते खोल आहेत, वर्ष-दीड वर्ष लागेल. मागच्या आठवड्यात तिने विचारलं, "मावशी, त्वचेचा वरचा थर सोलून काढतात ते पील करून घेऊ का?" मी तिला तोंड धुऊन अर्धा तास बसायला सांगितलं. मॉइश्चरायझर लावलं, चुरचुरलं नाही. कॅलेंडरवर त्या महिन्याचे ठिपके मोजले, तीन निघाले. मग म्हटलं, आता डॉक्टरांना विचारायला हरकत नाही, जाताना सगळ्या बाटल्या सोबत ने.